सीसीटीव्हीवरून काढलेली उंची एकाच माणसावर बोट का ठेवू शकत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटेजमधल्या माणसाची उंची खरंच काढता येते का?

येते. त्यासाठी चांगल्या पद्धतीही आहेत, फक्त हाती एक आकडा लागत नाही, पल्ला लागतो. "हा माणूस १६८ सेंटिमीटरचा आहे" असं कुठलंही चित्र सांगत नाही. फार तर ते म्हणतं, "१६१ ते १७५ च्या दरम्यानचा कोणीतरी." या दोन वाक्यांतला फरक लक्षात न घेतल्यामुळे तपासात आणि कोर्टात गोंधळ होतात. खालची बरीचशी उत्तरं याच फरकाबद्दल आहेत.

उंची काढतात कशी?

मुख्य पद्धती दोन. पहिलीत फक्त चित्रावर काम होतं. फरशीचे सांधे, दाराची चौकट, काउंटरची कड अशा खऱ्या जागी समांतर असलेल्या रेषा चित्रात पुढे वाढवल्या की त्या एका बिंदूत मिळतात. हे बिंदू आणि जागेवरची एखादी मोजलेली उंची, समजा चौकटीची, हाताशी असली की त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाची उंची गुणोत्तरानं काढता येते.

दुसरी पद्धत मला जास्त पटते, कारण तिच्यात चूक किती हेही मोजता येतं. घटनास्थळी परत जायचं. कॅमेरा तोच आणि त्याच जागी असला पाहिजे. फुटेजमधली एक फ्रेम निवडून, त्यात माणसाचे पाय जिथे आहेत तिथे सेंटिमीटरच्या खुणा केलेली उभी पट्टी ठेवायची आणि त्याच कॅमेऱ्यातून रेकॉर्डिंग करायचं. मग दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवून डोक्याचा माथा पट्टीवर कितव्या खुणेला लागतो ते वाचायचं.

काम इथे अर्धंच होतं. पट्टी ताठ उभी असते, बूट घालत नाही आणि चालतही नाही. म्हणून पुढची पायरी अशी की उंची आधीच नीट मोजलेल्या काही माणसांना त्याच जागेवरून तसंच चालायला लावायचं, त्यांचीही उंची चित्रावरून काढायची आणि ती खऱ्या उंचीपेक्षा किती वेगळी येते ते पाहायचं. नेदरलँड्सची सरकारी न्यायवैद्यक संस्था अशा चाचणी-माणसांवरूनच चूक किती येऊ शकते याचा पल्ला ठरवते. ही पायरी गाळलेला अहवाल मी अपुरा समजतो.

पट्टीवर आकडा दिसतोच, मग चूक येते कुठून?

सगळ्यात मोठी चूक पायांपाशी होते, आणि लोकांचं लक्ष मात्र डोक्याकडे असतं.

समजा कॅमेरा जमिनीपासून २७० सेंटिमीटरवर आहे आणि माणूस त्याच्यापासून ६ मीटरवर. कॅमेऱ्यापासून माथ्यापर्यंत एक सुतळी ताणली अशी कल्पना करा. ती उतरत जाते, दर मीटरला साधारण साडेसतरा सेंटिमीटर. म्हणजे माणूस नेमका कुठे उभा आहे हे ठरवताना आपण ३० सेंटिमीटर चुकलो, तर त्याच सुतळीवर उंची ५ सेंटिमीटरने बदलते. तो आहे त्यापेक्षा मागे धरला तर बुटका ठरतो, पुढे धरला तर उंच. कॅमेरा आणखी वर आणि माणूस आणखी जवळ असेल, जसं लिफ्टच्या लॉबीत असतं, तर उतार तीव्र होतो. कॅमेरा साडेतीन मीटरवर आणि अंतर ४ मीटर असेल तर तीच ३० सेंटिमीटरची चूक उंचीत जवळपास १४ सेंटिमीटर होऊन येते.

आता ३० सेंटिमीटरची चूक कोण करेल, असं वाटू शकतं. चालणाऱ्या माणसाची एक फ्रेम थांबवून बघा. एक पाऊल पुढे, एक मागे, दोन्हींमध्ये साठ-सत्तर सेंटिमीटर अंतर. डोकं साधारण मधल्या जागेच्या वर असतं. पट्टी पुढच्या टाचेपाशी ठेवली की ३० सेंटिमीटरची चूक तिथेच झाली. पाय काउंटरमागे, पार्क केलेल्या स्कूटरमागे किंवा पायरीच्या कडेआड असतील तर जागा नुसती अंदाजानंच धरावी लागते.

चालताना उंची बदलते का?

हो, आणि सतत. दोन्ही पाय पसरलेले असताना डोकं सगळ्यात खाली येतं, एका पायावर शरीर पेललेलं असताना वर जातं. नेहमीच्या चालीत हा फरक चारपाच सेंटिमीटरचा असतो. वर गेलेल्या क्षणीसुद्धा माणूस ताठ उभ्या उंचीपर्यंत पोचत नाही, कारण गुडघा थोडा वाकलेला आणि मान थोडी पुढे असते.

घरच्या डीव्हीआरवर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रावर, हे पाहता येतं. एखाद्याला कॅमेऱ्यासमोरून आडवं चालायला सांगा, रेकॉर्डिंग एकेक फ्रेम पुढे सरकवा आणि मॉनिटरवर माथ्याच्या पातळीला कागदाची कड धरा. दर पावलाला डोकं कडेच्या वर-खाली होताना दिसेल. सेकंदाला १५ फ्रेम असतील तर एका पावलात सातआठ फ्रेम येतात, त्यामुळे विश्लेषकानं कोणती निवडली यावरही आकडा सरकतो.

त्यात पादत्राण येतं. साधी चप्पल एक-दोन सेंटिमीटर वाढवते, स्पोर्ट्स शूज तीनच्या आसपास. टोपी, फुगवलेले केस, हूड यांखाली माथा नेमका कुठे आहे ते दिसत नाही. शिवाय सकाळी उठल्यावर असलेली उंची दिवसभरात सेंटिमीटरभर, कधी त्याहून थोडी जास्त घटते, कारण मणक्यांमधल्या चकत्या दबतात. पोलीस ठाण्यात संशयिताची उंची सकाळी मोजली आणि फुटेज रात्रीचं असेल, तर मुळात दोन वेगळ्या गोष्टींची तुलना चालली आहे.

कॅमेरा एचडी असेल तर?

मदत होते, पण रेकॉर्डिंगही त्याच दर्जाचं पाहिजे. २.८ मिलिमीटरच्या लेन्सचा नेहमीचा कॅमेरा ६ मीटरवर उभ्या दिशेनं साधारण साडेसहा मीटरचा भाग टिपतो. तो १०८० ओळींत साठवला तर एका पिक्सेलमध्ये अर्ध्या सेंटिमीटरहून थोडं जास्त येतं. मोबाइल ॲपवर दिसणारी हलकी प्रत बऱ्याचदा ३५२ × २८८ ची असते, तिथे एक पिक्सेल सव्वादोन सेंटिमीटरचा होतो. माथ्याची आणि टाचेची कड एकेक पिक्सेलने चुकली तरी साडेचार सेंटिमीटर गेले, आणि दाबून साठवलेल्या व्हिडिओत कडा एका पिक्सेलवर कधीच नेमक्या नसतात.

एका गोष्टीकडे खास लक्ष द्या. बरेच स्वस्त डीव्हीआर `1080N` या सेटिंगवर चालतात. त्यात चित्र ९६० × १०८० असं साठवलं जातं, म्हणजे आडवं निम्मं दाबलेलं, आणि पाहताना ताणून दाखवलं जातं. फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडली आणि त्यानं ती ताणली नाही, तर प्रत्येक माणूस काडीसारखा उंच दिसतो. मॉनिटरसमोर मोबाइल धरून काढलेली आणि व्हॉट्सॲपवरून फिरलेली क्लिप तर मोजणीच्या कामाचीच नाही, तिच्यात तिरपेपणा आणि दाब एकावर एक चढलेले असतात.

रुंद कोनाच्या लेन्समुळे कडेच्या सरळ रेषा बाहेर फुगतात. चित्राच्या कडेला दाराची चौकट धनुष्यासारखी वाकलेली दिसली की समजावं, लेन्सची दुरुस्ती केल्याशिवाय तिथलं मोजमाप धरायचं नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

हे उदाहरण रचलेलं आहे, पण आकडे अशा कामात येतात तसेच घेतले आहेत. रात्री एका दुकानाचं शटर फोडलं गेलं. फुटेजमध्ये एक पुरुष दुकानासमोरून चालत जातो, चेहरा दिसत नाही. त्याची मोजलेली उंची येते १६६ सेंटिमीटर.

मग सहा जणांना त्याच जागेवरून, तशाच बुटांत चालायला लावलं. त्यांची चित्रावरून काढलेली उंची खऱ्या अनवाणी उंचीपेक्षा सरासरी २ सेंटिमीटर कमी आली. बुटांनी वाढवलं, चालीनं त्याहून जास्त घटवलं. म्हणून १६६ मध्ये २ मिळवले, झाले १६८. पण सहाही जणांत फरक सारखा नव्हता, कोणी जवळजवळ बरोबर, कोणी पाच-सहा सेंटिमीटर कमी. या विखुरण्याचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत याचं माप, धरू २.५ सेंटिमीटर. फक्त सहाच माणसं असल्यामुळे सावधगिरी जास्त घ्यावी लागते, आणि ९५ टक्के खात्रीचा पल्ला निघतो १६८ च्या दोन्ही बाजूंना सुमारे ७ सेंटिमीटर. म्हणजे १६१ ते १७५, आपल्या बोलीत सव्वापाच फुटांपासून पावणेसहा फुटांपर्यंत.

आता पुढचा प्रश्न, जो बहुतेक वेळा विचारलाच जात नाही: या पल्ल्यात किती जण बसतात? प्रौढ पुरुषांची सरासरी उंची १६६ आणि प्रमाण विचलन ६.५ सेंटिमीटर धरलं, जे भारतीय पुरुषांसाठी वाजवी आहे, तर सुमारे ७० टक्के पुरुष. त्या भागात २,००० प्रौढ पुरुष राहत असतील तर जवळपास १,४०० जण.

मोजमाप आणखी अचूक केलं तर एकच माणूस उरेल ना?

नाही उरणार. वरच्याच वस्तीत पल्ला दोन्ही बाजूंना ७ ऐवजी ३ सेंटिमीटरचा केला, तरी साधारण ६८० पुरुष उरतात. फुटेजवरून १ सेंटिमीटरपर्यंत मोजता आलं असं मानलं, जे प्रत्यक्षात चालत्या माणसाबाबत होत नाही, तरी दोनशेच्या वर माणसं राहतात.

कॅमेरा सुधारून हा प्रश्न सुटत नाही, कारण तो कॅमेऱ्याचा नाहीच. तो उंचीचा आहे. माणसांच्या उंच्या मधल्या पाच-सात इंचांत दाटीनं भरलेल्या असतात. बोटाच्या ठशात शेकडो बारकावे एकमेकांपासून वेगळे बदलतात, उंची हा एकच आकडा आणि तो हजारोंनी वाटून घेतलेला. गर्दीच्या लोकलमध्ये डब्यातल्या डोक्यांची ओळ पाहिली की हे डोळ्यांना दिसतं.

संशयिताची उंची बरोबर १६८ निघाली. हा पुरावा नाही का?

आहे, पण त्याचं वजन मोजून घ्या. दोन शक्यता शेजारी ठेवायच्या. फुटेजमधला माणूस हाच असेल तर असं मोजमाप मिळण्याची शक्यता किती? आणि तो दुसराच कोणी असेल तर किती? वरच्या उदाहरणात पहिली शक्यता दुसरीच्या पावणेतीन पट निघते. संशयित पल्ल्याच्या बरोबर मध्यावर आहे, म्हणून हे त्या मोजमापातलं सगळ्यात जास्त वजन. म्हणजे आधी संशय शंभरात एक एवढा होता, तर उंची जुळल्यावर तो वाढूनही शंभरात तीनपेक्षा कमीच राहतो.

याउलट "उंची जुळली, म्हणजे तोच असण्याची शक्यता ९५ टक्के" हे वाक्य सरळ चूक आहे. ९५ टक्के हा आकडा मोजणीच्या पल्ल्याबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. त्या पल्ल्यात बसणाऱ्या प्रत्येक पुरुषाबद्दल तेच वाक्य म्हणता येईल, आणि चौदाशे जण प्रत्येकी ९५ टक्के चोर असू शकत नाहीत. हे वाक्य कोणाच्या तरी घरच्या माणसाविरुद्ध वापरलं जातं, म्हणून मी ते इतकं ताणून सांगतो.

माणूस फारच उंच असेल तर?

तर वजन खूप वाढतं. मोजमाप १९० आलं आणि पल्ला तेवढाच, १८३ ते १९७ असला, तर आपल्या दोन हजारांच्या वस्तीत नऊ-दहाच पुरुष बसतात. तपासासाठी ही मोठी मदत आहे. तरी नऊ-दहा म्हणजे एक नव्हे, आणि चोर त्याच वस्तीतला होता हेही आपण गृहीत धरलेलं आहे.

उंची कोणत्या लोकांशी ताडायची हेही इथे येतं. नेदरलँड्समध्ये १९० चा पुरुष रस्त्यात कोणाचं लक्ष वेधत नाही. फुटेजमधला माणूस पुरुष आहे, प्रौढ आहे हेही बऱ्याचदा कपड्यांवरून धरलेलं असतं. तो उंच मुलगा किंवा बाई असू शकेल तर सगळं गणित नव्यानं मांडावं लागतं.

मग उंचीचा उपयोग काय?

वगळण्यासाठी. हा तिचा खरा आणि मोठा उपयोग आहे. वरच्या मोजणीत संशयित १८५ सेंटिमीटरचा निघाला, तर फरक १७ सेंटिमीटरचा आहे आणि चाचणी-माणसांत दिसलेल्या कुठल्याही चुकीत तो मावत नाही. अशा माणसाला सोडून द्यायला हे पुरेसं ठरू शकतं. जुळण्यानं हजारो जण आत राहतात, न जुळण्यानं एक जण ठामपणे बाहेर पडतो.

मात्र दोन्ही दिशा सारख्या नाहीत. वाकून, गुडघे मोडून, मान खाली घालून कोणीही सहज दहा सेंटिमीटर कमी दिसू शकतो. आहे त्याहून उंच दिसायला जाड तळव्याचे बूट किंवा टोपीच लागते, आणि त्यालाही मर्यादा आहे. म्हणून फुटेजमधला माणूस संशयितापेक्षा स्पष्टपणे उंच असेल तर वगळणं जास्त भक्कम असतं. तो बुटका दिसत असेल तर आधी शरीराचा बाक तपासायला हवा.

दोन वेगळ्या कॅमेऱ्यांनी तीच उंची दाखवली तर तो एकच माणूस ठरतो का?

नाही. एवढंच कळतं की दोन्ही चित्रांतली माणसं साधारण एका उंचीची आहेत, आणि अशा दोन माणसांची गाठ कुठल्याही चौकात पडते. तो एकच माणूस होता हे कपडे, पिशवी, वेळ, मार्ग यांवरून वेगळं ठरलं असेल, तर मात्र दोन मोजण्यांनी पल्ला थोडा आवळता येतो. थोडाच, कारण बूट आणि चालण्याची ढब दोन्हीकडे तीच, त्यामुळे त्या चुका एकमेकींना छाटत नाहीत.

उंची, चाल, बांधा, जॅकेट, सगळंच जुळतं. आता तरी?

सगळ्या खुणा एकत्र धरल्या तर वजन वाढतं, पण तपासायच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, त्या खुणा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का. उंच माणसाचे पाय लांब, पावलं लांब आणि बूटही मोठे. या तीन खुणा वेगवेगळ्या मोजल्या तर एकच गोष्ट तीनदा मोजली जाते.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. संशयित सापडला कसा? पोलिसांनी "साडेपाच फुटांचा, सडपातळ" एवढ्या वर्णनावरून त्याला उचललं असेल, तर नंतर त्याची उंची जुळली यात नवीन काही नाही. जुळली म्हणूनच तो तिथे बसला आहे. उंचीनं निवडलेल्या माणसाविरुद्ध उंची पुन्हा पुरावा म्हणून मोजता येत नाही.

विश्लेषकाला संशयिताची उंची आधी सांगितली तर बिघडतं का?

बिघडतं. पायाची जागा, माथ्याची कड, फ्रेमची निवड, टोपीसाठी किती वजा करायचं, या प्रत्येक ठिकाणी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे झुकायला वाव असतो. मनात १६८ बसलेला असला की प्रामाणिक माणसाचाही हात तिकडे झुकतो. म्हणून मोजणी आधी व्हावी, लेखी व्हावी, आणि संशयिताची उंची त्यानंतर समोर यावी. उलटतपासणीत सगळ्यात आधी विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे.

कायद्यात याचं स्थान काय?

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. तज्ज्ञाचं मत कलम ३९ खाली येतं आणि इलेक्ट्रॉनिक नोंद कलम ६३ खाली, त्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारी तिची सांकेतिक खूण, लिहायची असते. प्रमाणपत्रानं ती फाइल पुरावा म्हणून दाखल करता येते. तिच्यावरून काढलेली उंची किती पक्की आहे, हा प्रश्न तसाच उघडा राहतो. तो मोजणीच्या पद्धतीवर आणि उलटतपासणीवर ठरतो.

शरीराच्या मापांवरून माणूस ओळखण्याची पद्धत पूर्वी होती ना?

होती, आणि तिचा इतिहास इथे बोलका आहे. पॅरिसमध्ये आल्फोन्स बर्टियाँ यांनी १८८० च्या दशकात गुन्हेगारांची मापं घेण्याची पद्धत बसवली. उंची हे त्यातलं एक माप, सोबत डोक्याची लांबी-रुंदी, मधलं बोट, डावं पाऊल, कोपरापासूनचा हात अशी मिळून अकरा. ती मापं घेताना माणूस समोर अनवाणी उभा, हातात धातूची उपकरणं आणि मापं घेणारा शिकवून तयार केलेला. ही पद्धत भारतातही आली. तरीही मापं घेणारा बदलला की आकडे बदलत, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झाल्यावर ती मागे पडत गेली. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी त्या ठशांच्या वर्गीकरणावर मोठं काम केलं. समोर उभ्या माणसाची अकरा मापं जिथे अपुरी पडली, तिथे आपण एका धूसर फ्रेममधल्या एकाच मापाकडून किती अपेक्षा करतो आहोत, ते पाहा.

आमच्या सोसायटीत चोरी झाली आणि फुटेज आहे. आम्ही काय जपावं?

कॅमेरा हलवू नका, पुसायलासुद्धा. तो दोन अंश फिरला तरी परत जाऊन मोजणं अवघड होतं. डीव्हीआर जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवीन लिहितो, म्हणून मूळ फाइल डीव्हीआरच्याच स्वरूपात, पूर्ण दर्जाची लगेच उतरवून घ्या आणि डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते लिहून ठेवा. दाराची चौकट किंवा जिन्याची पायरी नंतर बदलली जाणार असेल तर आत्ताच टेपनं मोजा. आणि ग्रुपवर "उंचीवरून तर तो वॉचमनचा भाचाच वाटतो" असं कोणी लिहिलं, तर त्याला तिथेच थांबवा. त्या मुलाच्या उंचीची माणसं त्याच ग्रुपमध्ये डझनभर निघतील.

अहवालात योग्य वाक्य कसं असावं?

साधारण असं: "दिलेल्या फ्रेममधील व्यक्तीची अनवाणी उंची, त्याच जागी चाललेल्या सहा चाचणी-व्यक्तींच्या मोजमापांवरून, १६१ ते १७५ सेंटिमीटरच्या दरम्यान असावी. संशयिताची उंची या पल्ल्यात येते. प्रौढ पुरुषांपैकी मोठा भाग याच पल्ल्यात येतो. या मोजमापावरून संशयिताला वगळता येत नाही, आणि केवळ यावरून त्याची ओळखही पटत नाही." या चारांपैकी तिसरं वाक्य अहवालात नसेल तर ते मागून घ्या.